‘गटर’ म्हणजे गटार नव्हे, मग काय?

सागरवेळ: रत्नागिरीतल्या एका रस्त्याच्या अहवालाचा अनुवाद करते आहे. ‘गटरची वहनक्षमता’ म्हणजे मी ‘गटाराची’ लिहिलं. अभियंत्यांनी पान परत पाठवलं. त्यांचं गटर फूटपाथखाली नाही. कर्बला लागून डांबरावरूनच पाण्याचा जो पट्टा वाहतो, तो गटर. मराठीत काय म्हणू?

पागोळी: पन्हळ! कोकणात कुणालाही कळेल.

निवृत्त_उपअभियंता: पन्हळीला दोन काठ असतात, इथे एकच, कर्बचा. दुसऱ्या बाजूला पाणी मोकळं पसरतं, आणि ते किती पसरू द्यायचं यावरच सगळं गणित उभं आहे. समजा दीड मीटर चालेल. रस्त्याचा लांबीचा उतार शंभराला एक आणि कॅम्बर, म्हणजे कर्बकडचा आडवा उतार, अडीच टक्के असेल, तर तेवढ्या पट्ट्यातून सेकंदाला साधारण १५ लिटर जातं. ताशी ९० मिमी पावसात पाच मीटर रुंदीचं पाणी कर्बकडे आलं, तर लांबीच्या दर मीटरला सेकंदाला पाव लिटरच्या निम्मं भरतं. म्हणजे पाणी खालच्या गटारात सोडणारी पहिली जाळी १२० मीटरवर. खाडीकडे उतार पाव टक्क्यावर येतो, तिथे क्षमता निम्मी, म्हणून जाळी ६० मीटरवर.

खळं_मालवण: आमच्याकडे तर तीस मीटरवर जाळ्या आहेत, तरी अर्धा रस्ता पाण्यात. गटारं उपसत नाहीत, दुसरं काय!

निवृत्त_उपअभियंता: भर पावसात जाळीपाशी उभे राहून बघा. पाणी जाळीवर साचून राहत असेल, तर तुमचं खरं. जाळीत कचरा आहे किंवा खालचं गटार तुंबलंय. पण जाळी मोकळी असूनही पाणी तिच्या बाजूने पुढे पळत असेल, तर उपसून फरक पडायचा नाही. डांबराचे थर चढून कॅम्बर दीड टक्क्यावर आला, की त्या १५ लिटरचे सहाच उरतात.

खळं_मालवण: थर चढलेत खरे, कर्ब जेमतेम चार बोटं दिसतो. पण जांभ्याच्या कातळावरून गढूळ पाणीही थेट रस्त्यावर येतं.

निवृत्त_उपअभियंता: मग पाच मीटरचा हिशेबच गेला. ते पाणी डोंगराच्या बाजूला चर खणून आधीच अडवायला हवं. नुसत्या जाळ्या वाढवून पुरणार नाहीत.

सागरवेळ: काका, ‘कर्बकडेचा प्रवाहपट्टा’ चालेल?

शुद्धमराठी: ‘कर्ब’ कशाला? ‘पदपथकाठ’ लिहा.

पागोळी: पदपथकाठ कोण म्हणतं हो? गवंडीसुद्धा कर्बच म्हणतो. आणि ‘गटार’ तरी कुठे आपलं, ते ‘गटर’वरूनच आलंय.

शुद्धमराठी: पुरावा द्या. आमच्या आजोळी ‘ती गटार’ म्हणत, स्त्रीलिंगी. उसना शब्द असता तर लिंगाचा असा घोळ झाला असता?

खळं_मालवण: उसन्याच शब्दांचा होतो घोळ! आमच्यात ‘ता गटार’, नपुंसकलिंगी.

सागरवेळ: अहवाल सोमवारी द्यायचाय. प्रवाहपट्ट्याचं कुणी सांगेल का?

पागोळी: ‘ती मोरी’ कुठून आली, ते आधी शोधायला हवं.