मदत हवी आहे : पोथीतला सांकेतिक मंत्र कसा उतरवून घ्यावा?

वेंगुर्ल्याजवळ काकांच्या देवघरात खेचरीविद्या या हठयोगावरच्या ग्रंथाची पोथी आहे. शेवटी शके १७०२, शार्वरी संवत्सर लिहिलंय. शक आणि संवत्सर यांचा मेळ बसतो, पण ते नकलेचं साल. ग्रंथ शतकांनी जुना. मंत्र उघड दिलेला नाही, एकेक अक्षर संकेताने सांगितलंय. नेमक्या त्याच दोन ओळी छापील प्रतीशी जुळत नाहीत. संकेत न कळल्याने नक्कलकारांच्या हातून या ओळी इतर प्रतींतही बिघडल्यात, त्यामुळे छापील पाठ बघून सुधारायला मन धजत नाही. गुरूची आज्ञा म्हणून काका फोटो काढू देत नाहीत. हाताने उतरवायला हरकत नाही. खोडलेलं, समासात लिहिलेलं आणि वाळवीने खाल्लेलं अक्षर वेगवेगळं कसं दाखवू, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला फोटोशिवायही माझ्या नोंदीवर विसंबता येईल?