दहावीच्या परीक्षेच्या ताणावरील कार्यशाळेसाठी मजकूर हवा आहे (आज रात्रीपर्यंत)

समुपदेशिका_होटगीरस्ता: गड्डा यात्रा आटोपल्यानंतरच्या रविवारी मी परीक्षेच्या ताणावर गट-कार्यशाळा घेत आहे. छपाईवाल्याने सुचवलेला मजकूर असा: "परीक्षेची भीती कायमची घालवा, दोन तासांत तणावमुक्त व्हा!" हे मला छापायचे नाही, पण दुसरे शब्द सुचत नाहीत. कृपया लवकर सांगा.

सातरस्ता: किती मुले, कोणत्या इयत्तेची, आणि दोन तासांत नेमके काय करणार, हे कळल्याशिवाय काय सुचवावे?

समुपदेशिका_होटगीरस्ता: राहिलेच. दहावीची बारा मुले. श्वास सावकाश सोडण्याचा सराव, उरलेल्या दिवसांचे वेळापत्रक, आणि प्रश्नपत्रिका हाती आल्यावर काहीच आठवेनासे झाले तर पहिली पाच मिनिटे काय करावे, एवढेच.

विजापूरवेस: 1954 च्या जादुई उपचारांविषयीच्या कायद्यानुसार समुपदेशकाला जाहिरातच करता येत नाही.

सातरस्ता: तसे नाही. तो कायदा ठरावीक आजारांवरील औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविषयी आहे. येथे अडचण "कायमची घालवा" या शब्दांची आहे, कारण कार्यशाळेनंतरही पेपरला हात थरथरलेल्या मुलाला दोष आपलाच वाटेल. क्रियापद बदला, म्हणजे जे घडेल ते न लिहिता जे करणार आहात तेच लिहा:

"दहावीच्या परीक्षेचा ताण: त्याविषयी बोलू या, तो हाताळण्याच्या काही पद्धतींचा सराव करू या. दोन तास, 12 जागा, पालकांची लेखी संमती आवश्यक. येथे निदान किंवा उपचार केले जात नाहीत. सुरू असलेली औषधे थांबवू नयेत. तातडीने बोलायचे असल्यास टेली-मानस 14416."

"संपूर्ण गोपनीयता" असेही लिहू नका. आपण स्वतःची हमी देऊ शकता, गटातील बारा मुलांची नाही. तेव्हा "गटातील बोलणे बाहेर सांगू नये, अशी सर्वांना विनंती केली जाईल" एवढेच म्हणता येते.

जुळेसोलापूरकर: माझी मुलगी तीन आठवड्यांपासून धड झोपत नाही, जेवण अर्धे सोडते आणि शाळेत जायचे टाळते. तिचे नाव घ्याल का?

समुपदेशिका_होटगीरस्ता: तिच्यासाठी रविवारची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. गटाचे नंतर पाहू.

विजापूरवेस: "उपचार केले जात नाहीत" असे वाचून कोण येणार? ती ओळ खाली बारीक अक्षरांत टाका.

सातरस्ता: बारीक अक्षरांतली ओळ वाचलीच जात नाही. अक्षरे त्याच आकाराची हवीत, हे माझे ठाम मत आहे.

समुपदेशिका_होटगीरस्ता: छपाईवाला म्हणतो की फलकावर एवढे मावणार नाही. म्हणून गोपनीयतेची ओळ नावनोंदणीच्या अर्जात घेते, जेणेकरून पालक ती सही करताना वाचतील. उपचारांची ओळ आणि 14416 मात्र फलकावरच राहतील. अक्षरांच्या आकाराबद्दल त्याच्याशी अजून बोलणे चालू आहे.