मदत हवी आहे: मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख मराठीत कशी लिहावी?

अमेरिका सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेचा मी ज्येष्ठ प्रवाशांसाठी मराठी अनुवाद करत आहे. न्यूयॉर्कहून परतीच्या विमानाची मूळ नोंद ‘03/04/2026, 12:10 a.m.’ अशी आहे. तिथे महिना आधी लिहितात, म्हणून ही तारीख ४ मार्च. महिना अक्षरी लिहिला की तो प्रश्न मिटतो. मात्र ‘बुधवार, ४ मार्च, रात्री १२.१०’ असे लिहिल्यास, उजाडल्यावर वार बदलतो असे धरणारे आपले वाचक बुधवारी रात्री विमानतळावर जातील आणि विमान आदल्या रात्रीच गेलेले असेल.

‘मंगळवार, ३ मार्चला रात्री ९ पर्यंत विमानतळावर पोहोचावे, विमान मध्यरात्रीनंतर, ४ मार्चला ००.१० वाजता (न्यूयॉर्कची वेळ) सुटेल’ ही रचना मला सुरक्षित वाटते. तिकिटाशी ताडून पाहता यावे म्हणून मूळ नोंदही शेजारी ठेवावी, की त्याने गोंधळ वाढेल? अनुभवी अनुवादकांनी कृपया सांगावे.