उत्तर: लंडनच्या वकिलाचा वारसा-ईमेल

> "वकील म्हणतो, फक्त १५ हजार भरा. फी त्या रकमेतूनच का कापत नाहीत?"

'तुमच्याच आडनावाचा कुणी वारला, त्याची मालमत्ता तुम्हाला मिळणार' असं सांगणारा हा ईमेल बनावट असतो; कापायला रक्कमच नसते. इंग्लंडमध्ये खऱ्या वारसाहक्कात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घेण्याचा, खर्च शेवटी मृताच्या मालमत्तेतूनच वळता होतो, वारसाच्या खिशातून नाही.

पहिली फी मुद्दाम छोटी असते, कोण भरतो ते चाचपण्यासाठी. भरलीत की नवी अडचण उगवते: प्रतिज्ञापत्र, मग 'मनी लाँडरिंग नसल्याचा दाखला', मग कर. समजा १५ हजार गेले, तर पुढची मागणी ६० हजारांची, कारण आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस भरतोच. आडनाव जुळतं यात नवल नाही. ईमेल आडनाव बघूनच पाठवतात.

वकिलाचं नाव इंग्लंडच्या वकिलांच्या नियामक संस्थेच्या sra.org.uk या साइटवर शोधा आणि तिथल्याच नंबरवर फोन करा, ईमेलमधल्या नव्हे; खऱ्या वकिलांची नावंही चोरतात. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.