टोकन मालकी "दर्शवतं" की "देतं"?

मृण्मयी
एका गुंतवणूक-पत्रकाचं भाषांतर करतेय. एक इमारत आहे, तिची टोकनं ब्लॉकचेनवर विकायची आहेत. मुखपृष्ठावरच्या वाक्यात मूळ क्रियापद 'रिप्रेझेंट्स' आहे. मी लिहिलं, "प्रत्येक टोकन इमारतीच्या मालकीचा अंश दर्शवते." तपासणाऱ्यांनी ते खोडून "मालकी देते" केलं, कारण 'दर्शवते' म्हणे गुळमुळीत वाटतं. 'प्रतिनिधित्व करते' मला नकोच, टोकन काही निवडणुकीला उभं नाही. शिवाय 'टोकनायझेशन'ला काय म्हणायचं तेही अडलंय, पण आधी क्रियापद सांगा.

पांथस्थ
दोन्ही चूक. टोकन म्हणजे इसार. टोकन दिल्यानं मालकी येतही नाही आणि दिसतही नाही, फक्त सौद्याचा शब्द बांधला जातो. खरेदीखत होईपर्यंत घर विकणाऱ्याचंच. "टोकन रक्कम" असं लिहा म्हणजे घोळ राहणार नाही.

मृण्मयी
ते टोकन नाही हो. हे वॉलेटमध्ये येतं, पुढे दुसऱ्याला विकता येतं.

दस्तऐवज
पांथस्थांनी प्रश्न भलताच वाचला, पण उत्तर जवळजवळ बरोबर दिलंय. "मालकी देते" कृपा करून लिहू नका. घराची मालकी बदलते ती जमिनीच्या सरकारी नोंदवहीत. जर्मन नागरी संहितेचं कलम ८७३ घ्या: दोन्ही पक्षांचं एकमत हवं आणि नोंदवहीत नोंदही हवी, एकानं भागत नाही. टोकन या वॉलेटमधून त्या वॉलेटमध्ये गेलं, याची त्या नोंदवहीला गंधवार्ताही नसते.

म्हणून मधे एक कंपनी उभी करतात. घर कंपनीच्या नावावर असतं आणि टोकन म्हणजे त्या कंपनीतला हिस्सा, नाहीतर कंपनीकडून असलेलं येणं. पत्रकात 'जारीकर्ता' कोण ते बघा. फक्त या एका इमारतीसाठी काढलेली कंपनी असेल. टोकन हिस्सा आहे की येणं, हे तिथे कळेल आणि तुमचं वाक्य त्यावर ठरेल.

मृण्मयी
सापडली. हिस्साच आहे. आणि मागे बारीक अक्षरात असंही आहे की टोकनधारकाला इमारतीवर कोणताही प्रत्यक्ष हक्क राहणार नाही. म्हणजे मुखपृष्ठावर मालकी आहे आणि मागच्या पानांत ती नाही!

निशांत
हा शब्दच्छल झाला. कंपनी माझी तर घर माझं. व्यवहारात काय फरक पडतो?

दस्तऐवज
पडतो, आकड्यांत दाखवतो. घराची किंमत १ लाख धरा, चलन कुठलंही. कंपनीनं ४० हजार कर्ज काढलं, घर तारण ठेवलं आणि उरलेल्या ६० हजारांसाठी शंभराची ६०० टोकनं विकली. पुढे भाव पडले, हप्ते थकले आणि घर ७० हजारांना विकावं लागलं. विक्री आणि दिवाळखोरीचा खर्च ५ हजार, तो आधी निघतो. मग तारणवाल्याचे ४० हजार. उरले २५ हजार. ते ६०० टोकनांत वाटले की शंभराच्या टोकनामागे साधारण ४१ रुपये ६७ पैसे, किंवा तुमचं जे चलन असेल ते. घर ३० टक्क्यांनी पडलं आणि टोकन ५८ टक्क्यांनी.

ज्याला "घराचा सहाशेवा हिस्सा" विकला होता, त्याला विक्री झालेल्या किमतीचा सहाशेवा हिस्सा, म्हणजे साधारण ११७, मिळायला हवे होते असं वाटणारच. पण त्यानं घराचा हिस्सा घेतलाच नव्हता. सगळ्या देणेकऱ्यांचं भागल्यावर उरेल त्यातला वाटा घेतला होता. इतर काही थकबाकी असती तर ती पण त्याच्या आधी गेली असती.

खडूस संपादक
'देणेकरी' म्हणजे देणं लागणारा. तुम्हाला 'धनको' म्हणायचं आहे. गणित पटलं, मराठी नाही.

दस्तऐवज
मान्य. धनको.

निशांत
घराचं सोडा, बाँडचं बघा. तिथे सरकारी नोंदवही नाही. ब्लॉकचेनवर नोंद पडली की ती कोणालाही बदलता येत नाही, म्हणजे नोंद हीच मालकी. तिथे "देते" बरोबर आहे.

दस्तऐवज
अर्धं बरोबर. रोख्याच्या बाबतीत कायदा तुमच्याकडे येऊ शकतो, पण तो आणावा लागतो. जर्मनीनं २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक रोख्यांचा कायदा केला. त्यात कागद नसलेला रोखासुद्धा कायद्याच्या दृष्टीनं 'वस्तू' मानला आहे, त्यामुळे वस्तूच्या मालकीचे नियम त्याला लागतात. सीमेन्सनं फेब्रुवारी २०२३ मध्ये ६ कोटी युरोचा एक वर्षाचा रोखा याच कायद्याखाली पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर काढला. कागदी प्रमाणपत्र नाही, मध्यवर्ती डिपॉझिटरी नाही. तिथली नोंद ही खरीच नोंद. मात्र पैसे नेहमीच्या बँकमार्गानेच दिले गेले, कारण डिजिटल युरो उपलब्ध नव्हता. म्हणजे रोखा एका रुळावर आणि पैसा दुसऱ्या. दोन्ही एकाच क्षणी सुटतात ही जी मोठी आशा दाखवली जाते, ती पैसाही त्याच साखळीवर असेल तेव्हाच खरी होते.

आणि "कोणालाही बदलता येत नाही" हे तर अशा टोकनांना लागूच पडत नाही. नियमातल्या टोकनांसाठी ईआरसी-३६४३ नावाचं मानक वापरतात. त्याच्या करारात ही फंक्शनं असतात, वाचा:

```
forcedTransfer(from, to, amount)
setAddressFrozen(userAddress, freeze)
recoveryAddress(lostWallet, newWallet, investorOnchainID)
```

पहिल्यानं जारीकर्त्यानं नेमलेला एजंट तुमचं टोकन तुमच्या सहीशिवाय दुसऱ्याला देऊ शकतो. दुसऱ्यानं वॉलेट गोठवतो. तिसऱ्यानं किल्ली हरवली तर नव्या वॉलेटमध्ये टोकन परत देतो. हे लबाडीचं नाही, गरजेचं आहे: न्यायालयानं जप्तीचा हुकूम दिला किंवा धारक वारला तर दुसरं करणार काय? पण मग मालकीचा शेवटचा शब्द साखळीचा नाही, त्या एजंटची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा. पत्रक हातात आलं की मी पहिल्यांदा हेच शोधतो: साखळी आणि कंपनीचं भागधारकांचं रजिस्टर यांत फरक पडला तर कुठलं खरं मानायचं? पुष्कळदा रजिस्टर खरं असं लिहिलेलं असतं. काही वेळा काहीच लिहिलेलं नसतं, आणि ते जास्त वाईट.

निशांत
एजंटचं माहीत नव्हतं. टोकनांच्या साध्या ईआरसी-२० मानकात हे नसतं.

दस्तऐवज
मानकात नसतं, खरं आहे. म्हणूनच असले हक्क साध्या ईआरसी-२० वर टाकले की गोची होते. टोकन कोणाकडेही जाऊ शकतं, अगदी ज्याला कायद्यानं तो रोखा घ्यायची मुभा नाही अशाकडेही, आणि मग व्याज द्यायच्या दिवशी कंपनीपुढे नुसते पत्ते असतात, माणसं नसतात.

जुनी बखर
अहो, ही तर शाहजोग हुंडी! हुंड्यांचे प्रकार आठवा. देखणहार म्हणजे जो आणून दाखवेल त्याला पैसे. नामजोग म्हणजे नाव असेल त्यालाच. शाहजोग म्हणजे पेठेत पत असलेल्या शाहालाच, म्हणजे पुढे भानगड निघाली तर माग काढता येतो. ईआरसी-२० देखणहार आणि दस्तऐवजांचं ते दुसरं शाहजोग. आपल्याकडे शब्द तयार असताना टोकन कशाला? मी तर म्हणेन "स्थावराची शाहजोग हुंडी".

खडूस संपादक
उपमा सुंदर आहे, पण प्रतिशब्द म्हणून निरुपयोगी. हुंडी म्हणजे अमुक रक्कम द्या असा आदेश. कंपनीतल्या हिश्श्यात ठरलेली रक्कमच नसते, ते वर ५८ टक्क्यांच्या हिशोबात दिसलंच. आणि वाचकाला हुंडी वटवतात हे माहीत असतं, हे टोकन वटवायला तो जाणार कोणाकडे?

जुनी बखर
बरं, मग 'निर्देश' घ्या. टोकन हा शब्द 'दाखवणे' या अर्थाच्या मूळ धातूतून आलाय आणि आपला दिश् त्याचाच भाऊबंद. म्हणजे मृण्मयीताईंचं 'दर्शवते' व्युत्पत्तीनंही बरोबर!

मृण्मयी
तेवढं तपासणाऱ्यांना पटणार नाही. एखाद्या कायद्यात हे क्रियापद कसं आलंय?

दस्तऐवज
लिश्टेनस्टाइनच्या कायद्यात आहे, १ जानेवारी २०२० पासून लागू. तिथे टोकन हे एक पात्र धरलं आहे, त्यात कुठलाही हक्क घालता येतो, वस्तूवरचा हक्कसुद्धा, आणि जर्मन क्रियापद 'रिप्रेझेंट' याच घराण्यातलं आहे. पण कलम ७ वाचण्यासारखं आहे. टोकन दिलं की हक्क दिला, असं आधी म्हटलंय. आणि कायद्यानं तो परिणाम आपोआप होत नसेल तर ज्याच्यावर बंधन आहे त्यानं योग्य ती तजवीज करून तो घडवून आणायचा, असंही. म्हणजे टोकन आणि हक्क यांच्यात फट राहू शकते हे कायद्यानंच ओळखलंय, आणि ती बुजवायची जबाबदारी माणसावर टाकलीय. इमारत त्या देशाबाहेर असेल तर तिथल्या नोंदवहीला हे कलम बांधील नाही, हे वेगळं सांगायला नको. म्हणून "देते" खोटं आहे आणि नुसतं "मालकी दर्शवते" पण तुमच्या पत्रकात चुकेल. "जारीकर्त्या कंपनीतील एक हिस्सा दर्शवते" लिहा. मालकी हा शब्दच काढा.

मृण्मयी
मूळ मजकुरात मालकी आहे. मी भाषांतरकार आहे, वकील नाही. मूळचं खोटं माझ्या मराठीत खरं करायचा मला अधिकार आहे का?

खडूस संपादक
नाही. टीप लिहून परत पाठवा. आणि शीर्षकात 'टोकनीकरण' नको. हा च्वि प्रत्यय: जे तसं नव्हतं ते तसं होणं. शुद्धीकरण म्हणजे अशुद्ध होतं ते शुद्ध झालं. त्या हिशोबानं घराचं टोकनीकरण म्हणजे घर होतं त्याचं टोकन झालं! इतका वेळ दस्तऐवज तेच होत नाही म्हणून सांगताहेत.

निशांत
मग गावाचं विद्युतीकरण झालं म्हणजे गावाची वीज झाली का?

खडूस संपादक
'विद्युतीकरण' हाही चुकीचाच शब्द आहे.

जुनी बखर
चुकीचा असला तरी दिवे लागले ना! माझं मत 'टोकनबंधन'. बांधलंय तेवढंच म्हणायचं, झालंय म्हणायचं नाही.

खडूस संपादक
बंधन कोणाला? घराला की कंपनीला? पुन्हा तोच प्रश्न.

पांथस्थ
मधेच विचारतो. कंपनीनं घर विकायला काढलं तर टोकनवाल्यांना विचारावं लागतं का? इसारात निदान समोरच्याचं नाव माहीत असतं.

दस्तऐवज
कंपनीच्या नियमावलीत मतदानाचा हक्क दिला असेल तर. मृण्मयी, तुमच्या पत्रकात आहे का?

मृण्मयी
बघते. "मतदान" शब्द शोधला तर एकदाच आला, आणि तोही "राहणार नाही" च्या आधी.