मदत हवी आहे: नाशिकरोड–सातपूर, मासिक पास की रोजचं तिकीट?

महिन्याच्या नोंदीवरून हिशेब मांडलाय. सोयीसाठी आकडे गोल धरलेत: तिकीट २५ रुपये, पास १,०००. म्हणजे पास ४० फेऱ्यांना वसूल होतो. नोंदीत बसच्या फेऱ्या ३७, म्हणजे ९२५ रुपये. वरवर तिकीटच स्वस्त.

पण परतीच्या ११ फेऱ्या शेअर रिक्षाने झाल्या, प्रत्येकी ४० रुपये. एकूण खर्च १,३६५. पास असताना त्यातल्या फक्त दोन जरी बसने झाल्या, तरी खर्च १,३६० होतो. खरी मेख इथेच आहे.

म्हणून प्रत्येक रिक्षाफेरीपुढे कारण लिहिलंय: ‘शेवटची बस गेली’ की ‘थांबायचा कंटाळा’. पहिलं कारण पासने बदलणार नाही. ‘बस भरलेली होती’ या फेऱ्या मात्र कुठे धराव्यात? सातपूरहून संध्याकाळी येणाऱ्यांनी कृपया सांगा, पुढची बस साधारण किती वेळात मिळते?