उशिरा उत्तर देतो हे कसं सांगावं?

> 'मॅच झालेल्या मुलीला उत्तर द्यायला मला दोन-दोन दिवस लागतात. एडीएचडी आहे हे सांगून टाकू का?'

निदानाचं नाव इतक्यात नको, सवय सांगा. तीही गप्पा छान चालू असताना. मोठ्या खंडानंतर सांगितली की सबब वाटते. साधारण असं: 'मला उत्तर द्यायला कधी एक-दोन दिवस लागतात, रस नाही असं समजू नकोस. रात्री नऊनंतर मी निवांत असतो. काही ठरवायचं असेल तर सरळ फोन कर.' नऊची वेळ पाळता येणार असेल तरच लिहा, नाहीतर ते वाक्य गाळा.

एडीएचडीत बहुतेकदा मेसेज वाचला जातो, 'नंतर लिहू' असं ठरतं आणि तो डोळ्याआड होतो. मग अस्वस्थता येते: उशीर वाढला म्हणून माफीही मोठी हवी, ती सुचत नाही, म्हणून आणखी उशीर. त्यामुळे खंड पडलाच तर माफीचा निबंध नको. समजा, तिने ट्रेकबद्दल विचारलं होतं. 'उशीर झाला, सॉरी. हो, राजगड केलाय, पावसाळ्यात. तू?' एवढंच.

तिने स्वतःहून कारण विचारलं, तर 'लक्ष टिकवायला अडचण येते' पुरे. गोळ्या, थेरपी वगैरे भेटीगाठी वाढल्यावर. (आणि हो, बाकी सगळीकडे ऑनलाइन दिसत राहिलात तर यातलं काहीच पटणार नाही.)